माणशी खर्च कोणाच्या खिशातून?

सेल्सच्या माणसाला काय हवं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. परदेश हवा, विमानतळावरचा फोटो हवा, चार दिवस घरापासून सुटका हवी आणि संध्याकाळी मोकळीक हवी. ठिबक सिंचनाचं साहित्य आणि विद्राव्य खतं विकणाऱ्या एका कंपनीत मी सेल्स ॲडमिनचं काम पाहतो. खरीप हंगामाची स्कीम संपली की टार्गेट पूर्ण करणाऱ्यांसाठी इन्सेंटिव्ह टूरचा प्रस्ताव तयार करणं हे माझ्याकडचं काम. दोन-तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणचा कार्यक्रम आणि शेवटच्या रकान्यात माणशी खर्च, असा तो कागद असतो. तो चांगला जमतो म्हणून माझं कौतुकही व्हायचं. त्या कागदात माझा एक जुना पूर्वग्रह दरवर्षी नव्याने टाइप होत होता, हे मला फार उशिरा कळलं.

तो पूर्वग्रह असा. सहलीला बायको किंवा नवरा बरोबर नेणं म्हणजे खर्च दुप्पट आणि मजा निम्मी, असं मी मानत होतो. जो येत नाही त्याच्यात भूक नाही, असंही मानत होतो. आणि आमच्या टीममध्ये ज्या मोजक्या स्त्रिया फील्डवर काम करतात, त्या जमवून घेतील, हे तर मी मानलंही नव्हतं. त्यांचा विचारच केला नव्हता.

2023 च्या खरीप स्कीममधून 24 जण पात्र ठरले आणि जानेवारी 2024 मध्ये बँकॉक-पट्टाया ठरलं. भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागणं नुकतंच थांबलं होतं, त्यामुळे ते काम सोपं झालं होतं. माझ्या प्रस्तावातला हिशेब असा होता. विमानाचं ग्रुप फेअर 24,000 रुपये. दोघांत एक खोली धरून हॉटेल, जेवण आणि स्थळदर्शन 26,000. विमा आणि किरकोळ 1,000. याखेरीज काही खर्च असे असतात की माणसं कमी झाली तरी ते कमी होत नाहीत. बस, टूर मॅनेजर, गाला डिनरचा हॉल आणि साउंड हे सगळं मिळून 2,52,000 होतं. त्याला 24 ने भागलं की 10,500 येतात. एकूण माणशी 61,500 रुपये. संचालकांनी पहिल्याच बैठकीत सही केली.

प्रत्यक्षात 18 जण गेले. काहींचे पासपोर्ट वेळेत झाले नाहीत, कारण पोलीस पडताळणी तालुक्याच्या गावी अडकली होती. एकाचे वडील आजारी होते. दोघांनी सहलीऐवजी रोख मागितली, ती नियमात बसत नव्हती. सहा माणसं गळली आणि तेच 2,52,000 आता 18 मध्ये वाटायचे होते. माणशी 10,500 चे 14,000 झाले आणि एकूण आकडा 65,000 वर गेला. ग्रुप तिकिटांची नावं ठरावीक मुदतीत द्यावी लागतात आणि त्यानंतर सुटलेल्या जागांचं डिपॉझिट परत मिळत नाही, ते नुकसान वेगळंच. या सगळ्यावर मी अहवालात एक ओळ लिहिली, की काही सदस्यांनी पुरेसा उत्साह दाखवला नाही. आज ती ओळ वाचवत नाही. एकाचे वडील दवाखान्यात होते हे मला माहीत असताना मी ती लिहिली होती.

पुढच्या खरीप स्कीमसाठी, एप्रिल 2024 मध्ये, आम्ही फुकेतची घोषणा केली. पोस्टर छापलं, विभागीय बैठकांमध्ये व्हिडिओ दाखवला. जुलैअखेर स्कीम संपली आणि मी आकडे काढले.

ज्यांनी अशा स्कीम चालवल्या आहेत त्यांना एक गोष्ट माहीत असते. 100 टक्क्यांची रेघ ठरली की त्या रेघेच्या जरा वर गर्दी दिसते. शेवटच्या आठवड्यात माणसं डीलरच्या मागे लागतात, थोडा माल जास्तीचा टाकतात आणि 101, 102 वर येऊन थांबतात. त्यातला काही माल सप्टेंबरात परत येतो, म्हणून आम्ही परतीचा माल वजा केल्याशिवाय निकाल लावत नाही. रेघेच्या जरा खाली मात्र सहसा माणसं नसतात. जो 98 वर पोचला आहे तो उरलेले दोन टक्के कुठून तरी आणतोच. त्या वर्षी मात्र पाच जण 97 ते 100 च्या मधे थांबले होते. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, शेवटच्या क्षणी ढिले पडले.

त्या पाचांत साताऱ्याच्या बाजूची आमची एक सहकारी होती. आदल्या वर्षी ती पहिल्या पाचात होती आणि पट्टायालाही आली होती. या वेळी ती 98.6 वर थांबली होती. तिची बिलं पाहिली तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोरेगाव भागातल्या दोन कृषी सेवा केंद्रांना मोठा माल गेलेला दिसला. आले पिकवणारा भाग, दोन्ही डीलर जुने, मागणी जुलैपासूनच असणार. हीच बिलं आठ दिवस आधी झाली असती तर ती सहज पात्र ठरली असती. मला वाटलं, गोदामाने डिस्पॅच अडवला असेल आणि तिच्यावर अन्याय झाला असेल. मी तिला फोन केला, म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर मी गोदामाशी बोललो असतो.

ती म्हणाली, “सर, गोदामाचा काही दोष नाही. ऑर्डर मीच थांबवली होती.”

का, असं मी विचारलं. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “जिंकल्यावर नाही म्हणता येत नाही. न जिंकणं सोपं असतं.”

या दोन वाक्यांपाशी मी आजही अडतो. त्या फोनवर मी आधी स्वतःची बाजू मांडली, हेही कबूल करायला हवं. म्हटलं, अहो, कंपनी एवढा खर्च करते, आनंदाने जायला हवं. त्यावर तिने आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही. मागच्या सहलीत काय झालं ते फक्त क्रमाने सांगितलं. दोघांत एक खोली असा हिशेब होता आणि ती एकटीच स्त्री होती, म्हणून तिला स्वतंत्र खोली द्यावी लागली. त्या खोलीचे जादा पैसे कंपनीला पडले, हे तिला बसमध्ये एकदा नाही, अनेकदा ऐकवलं गेलं. संध्याकाळी सगळे बाहेर पडत, कुठे जात हे तिला माहीत होतं, ती खोलीवर थांबे आणि मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोले. गाला डिनरला तिला ट्रॉफी मिळाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तिच्या घरचं कोणी नव्हतं. आणि परत आल्यावर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून तेरा हजारांच्या आसपास रक्कम कापली गेली.

“घरी नवऱ्याने विचारलं, तू बक्षीस घेऊन आलीस की पैसे भरून आलीस? मला उत्तर देता आलं नाही, सर.”

त्या तेरा हजारांचा उलगडा मला लगेच झाला, आणि तिथेच माझी बाजू संपली. मालकाने कर्मचाऱ्याला दिलेली सहल हा नोकरीतला लाभ धरला जातो. तिची किंमत पगारात मिळवली जाते आणि त्यावर आयकर कापला जातो. 61,500 रुपयांवर 20 टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि त्यावरचा 4 टक्के उपकर धरला तर 12,792 रुपये होतात. हे मला माहीत होतं. पगार विभाग ते करतो हेही माहीत होतं. माझ्या प्रस्तावात ती ओळ कधीच नव्हती, कारण तो कंपनीचा खर्च नव्हता. माणशी खर्चाचा रकाना मी कंपनीच्या बाजूने भरत होतो आणि ज्या माणसाच्या नावाने तो रकाना होता, त्याच्या खिशातून काय जातंय हे बघत नव्हतो. सगळे 24 जण त्याच टप्प्यात धरले तर ही रक्कम 3 लाखांच्या वर जाते. म्हणजे सहलीचा खरा खर्च पावणेपंधरा लाख नव्हता, तो जवळपास 18 लाख होता. त्यातले 3 लाख आम्ही विजेत्यांकडून घेत होतो आणि वर त्यांनाच उत्साह नाही म्हणत होतो.

तरीही मन लगेच वळलं नाही. ही एकटीची अडचण आहे, एका स्त्रीसाठी 24 जणांची सहल कशी बदलायची, असं मी स्वतःशी बरेच दिवस वाद घालत राहिलो. मग उरलेल्या चौघांना फोन केले. एकाच्या भागात खरोखर पाऊस उशिरा झाला होता, तो प्रामाणिकपणे कमी पडला होता. एकाने सांगितलं की पासपोर्टच नाही, जिंकून फजिती कशाला करून घ्यायची. दोघांनी मोघम उत्तरं दिली, पण त्यांची ऑगस्टची बिलं साताऱ्यासारखीच फुगलेली होती. आमच्याकडे रोख इन्सेंटिव्ह टक्केवारीप्रमाणे मिळतं, त्यामुळे 98 वर थांबणाऱ्याचं तिथे फारसं नुकसान होत नाही, आणि ऑगस्टचा माल पुढच्या तिमाहीत मोजला जातो. जास्त विकावं म्हणून ठेवलेलं बक्षीस टाळण्यासाठी आमची चांगली माणसं विक्री लांबवत होती. इतकी वर्षं मी या स्कीमचं यश पात्र ठरलेल्यांच्या संख्येवर मोजत होतो. कोण रेघेखाली मुद्दाम थांबलं, हे कधी शोधलंच नव्हतं.

मग मी जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं ते केलं. पात्र ठरलेल्यांना विचारलं. याआधीही आम्ही विचारत होतो, पण ते एरिया मॅनेजरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे साहेबांनी आधी “थायलंड” लिहिलं की खाली सगळे “थायलंड” लिहीत. या वेळी घडी घातलेल्या कागदावर, नाव न लिहिता दोनच प्रश्न विचारले. साधारण एवढ्याच पैशांत एकट्याने फुकेत हवं की घरच्या एका माणसाबरोबर देशातलं ठिकाण? आणि कोणता आठवडा अजिबात चालणार नाही? या वेळीही 24 जणच पात्र होते, त्यांपैकी 19 जणांनी घरच्या माणसाबरोबर असं लिहिलं. त्यातले बहुतेक तेच पुरुष होते, ज्यांना घरापासून सुटका हवी असते असं मी धरून चाललो होतो. एकाने खाली जास्तीची ओळ लिहिली होती, की बायकोने अजून विमान पाहिलेलं नाही, मी एकट्याने दुसऱ्यांदा बसायचं का?

नव्या प्रस्तावात दोन ठिकाणं तपासली. पहिलं अंदमान. सेल्युलर जेलमुळे आपल्याकडच्या माणसांची ओढ तिकडे होतीच. पण जानेवारीचं विमानभाडं, बेटांमधल्या फेरी आणि हॉटेल धरून माणशी 46,000 येत होते, दोघांचे 92,000, आणि 24 जोड्यांचे 22 लाखांवर. बजेटमध्ये ते बसत नव्हतं. कार्यक्रम कापून बसवता आलं असतं, पण अर्धवट अंदमान दाखवण्यापेक्षा ते सोडणं बरं, असं मी प्रस्तावातच लिहिलं.

दुसरं केरळ. मुंबई-कोची विमानाचं ग्रुप फेअर माणशी 10,500. चार रात्रींचं हॉटेल, हाउसबोट, जेवण आणि प्रवेश शुल्क 14,500. घरापासून मुंबईपर्यंतचा प्रवास आणि लांबून येणाऱ्यांची आदल्या रात्रीची मुंबईतली सोय, सरासरीने 2,000. ही ओळ माझ्या कुठल्याच जुन्या प्रस्तावात नव्हती. यवतमाळचा माणूस रात्रभर बसमध्ये बसून विमानतळावर यायचा आणि सहल विमानतळापासून सुरू झाली असं आम्ही समजायचो. बस, टूर मॅनेजर आणि बक्षीस समारंभ मिळून 1,92,000, ते 48 जणांत भागून 4,000. एकूण माणशी 31,000, जोडीचे 62,000, आणि 24 जोड्यांचे 14,88,000. एका माणसाच्या पट्टायाएवढ्याच पैशांत दोघांचं केरळ बसत होतं. बरोबरच्या माणसामुळे खर्च दुप्पट होतो हे माझं गणित एका ठिकाणापुरतंच खरं होतं. ठिकाण बदलून मी ते कधी मांडूनच पाहिलं नव्हतं.

तारखा ठरवताना फील्डच्या माणसांनी दिलेली उत्तरं कामी आली. जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते, कोची आणि कुमळीकडच्या रस्त्यांवर गर्दी असते. फेब्रुवारीत इराविकुलम उद्यान नीलगिरी ताहरच्या विणीच्या काळासाठी बंद होतं, आणि आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. शनिवार-रविवारी हॉटेलं महाग पडतात. म्हणून 20 ते 24 जानेवारी 2025, सोमवार ते शुक्रवार, हे दिवस निघाले. कोची ते मुन्नार सुमारे 130 किलोमीटर घाटाचा रस्ता आहे, चार-पाच तास लागतात आणि वळणांनी अनेकांना त्रास होतो. म्हणून त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवला नाही आणि एका मोठ्या बसऐवजी दोन लहान बस घेतल्या. अलप्पुळाच्या हाउसबोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास किनाऱ्याला लागतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात. साध्या बोटींत एसीही रात्रीपुरताच चालतो. या दोन गोष्टी आधीच लिहून दिल्या, म्हणजे तिथे गेल्यावर कोणाला फसवल्यासारखं वाटू नये.

सर्वांत कठीण ओळ कराची होती. मी प्रस्तावात लिहिलं की सहलीवरचा कर्मचाऱ्याचा आयकर कंपनीने भरावा. अशा बिगर-रोख लाभावर मालकाने भरलेला कर कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात पुन्हा धरला जात नाही, पण कंपनीला तो स्वतःच्या नफ्यातून खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे तो खरोखर खिशातून जाणारा पैसा आहे. सगळे 20 टक्क्यांच्या टप्प्यात धरले तर ही रक्कम साधारण 3 लाख 10 हजार होते. संचालकांनी विचारलं, हे दरवर्षी नव्हतं, आत्ताच कुठून आलं? मी म्हटलं, दरवर्षी होतं, मी दाखवत नव्हतो. मग साताऱ्याची आणि त्या दोघांची ऑगस्टची बिलं, कोणाचंही नाव न घेता, त्यांच्यासमोर ठेवली. बराच वेळ चर्चा झाली आणि सही झाली.

यातून सगळं जुळून आलं असं मी म्हणणार नाही. ज्या पाच जणांना फुकेत हवं होतं त्यांनी नंतर स्वतःच तसं सांगितलं, पण त्यांच्यासाठी वेगळा गट करता आला नाही. ग्रुप फेअरला निदान दहा माणसं लागतात, आणि दोन गट केले की दोन्हींचा माणशी खर्च चढतो. त्यांना भाऊ, मित्र, आई-वडील यांपैकी कोणालाही आणायची मुभा दिली. तिघे खूश झाले, दोघे अखेरपर्यंत नाराज होते आणि त्यांची नाराजी रास्त होती, कारण घोषणा फुकेतची झाली होती. घोषणा झाल्यावर बक्षीस बदलू नये, हा धडा आम्ही त्यांच्या जिवावर शिकलो. आता घोषणेच्या आधीच कागद फिरवतो.

बक्षीस समारंभ कोचीला, शेवटच्या संध्याकाळी ठेवला होता. ट्रॉफी घेताना प्रत्येकाबरोबर त्याच्या घरचं माणूस मंचावर होतं. दोन अविवाहित मुलांनी आईला आणलं होतं. साताऱ्याची आमची सहकारी त्या यादीत नव्हती, तिने स्वतःच स्वतःला रेघेखाली ठेवलं होतं आणि नियम मोडून तिला नेणं तिलाच पटलं नसतं. मी तिला फोन करून कराच्या ओळीबद्दल आणि घरच्या माणसाबद्दल सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “बरं झालं, सर. पुढच्या खरिपाला बघू.” 2025 च्या खरिपात ती 108 टक्क्यांवर गेली.

माझ्यासारखं काम तुमच्यापैकी कोणी करत असेल तर माझी एक विनंती आहे. प्रस्तावावर सही घेण्याआधी माणशी खर्चाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढा आणि त्यात लिहा, विजेत्याच्या स्वतःच्या खिशातून किती जाणार: कर, घर ते विमानतळ, पासपोर्ट, सगळं. आणि निकाल लागल्यावर रेघेच्या जरा खाली थांबलेल्यांची पुढच्या महिन्याची बिलं एकदा उघडून बघा. तिथे माल फुगलेला दिसला तर त्या माणसाला आळशी म्हणू नका, त्याला फोन करा आणि तो बोलत असताना मधे बोलू नका.